दोन कंपन्या, दोन्हीकडे टीडीएस शून्य, आणि तरी टॅक्स?

प्रश्न: एप्रिल ते सप्टेंबर २०२५ जुन्या कंपनीत होतो, महिना १ लाख ग्रॉस. ऑक्टोबरपासून नवीन कंपनी, १ लाख ४० हजार. न्यू रिजीम. जुन्या कंपनीने एक रुपया टीडीएस कापला नाही, नवीनच्या ऑक्टोबरच्या स्लिपमध्येही शून्य. आता नोव्हेंबरमध्ये एचआर म्हणते फॉर्म १२बी द्या. नाही दिला तर काय बिघडतं? टॅक्स बसतच नाहीये ना?

उत्तर:

बसतोय, आणि चांगला बसतोय. तुमच्या आकड्यांवर वर्षाचा टॅक्स ८८,१४० रुपये होतो. दोन्ही कंपन्यांचं गणित आपापल्या जागी बरोबर आहे हे आधी सांगतो, कारण अशा वेळी लोक उगाच पेरोलवाल्यांवर चिडतात (मी बरीच वर्षं पेरोलमध्येच होतो, त्यामुळे थोडी बाजू घेणारच).

कंपनी टीडीएस कापते तो त्या महिन्याच्या पगारावर नाही, तर वर्षभराच्या अंदाजावर. म्हणजे आतापर्यंत दिलेला पगार, अधिक मार्चपर्यंत याच दराने मिळेल तो पगार, त्यातून ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन वजा, उरलेल्यावर स्लॅबप्रमाणे टॅक्स आणि ४ टक्के सेस, मग आधी कापलेला टीडीएस वजा करून जे राहील त्याला उरलेल्या महिन्यांनी भागायचं. हे दर महिन्याला नव्याने होतं. म्हणून इन्क्रिमेंट झालं की फक्त वाढलेल्या पगाराचा नाही तर अख्ख्या वर्षाचा फरक उरलेल्या महिन्यांवर पडतो, आणि बोनसच्या महिन्यात टीडीएस एकदम उडी मारतो कारण बरीच पेरोल सॉफ्टवेअर बोनसवरचा टॅक्स त्याच महिन्यात कापून मोकळी होतात.

आता तुमची जुनी कंपनी. तिने एप्रिलमध्ये धरलं १ लाख गुणिले १२, म्हणजे १२ लाख, स्टँडर्ड डिडक्शन जाऊन ११ लाख २५ हजार. न्यू रिजीममध्ये २०२५-२६ ला १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर ८७ए ची रिबेट आहे, टॅक्स शून्य. बरोबर. नवीन कंपनीला तुम्ही ऑक्टोबरमध्ये दिसलात, तिच्या लेखी तुमचं वर्ष सहाच महिन्यांचं, १ लाख ४० हजार गुणिले ६ म्हणजे ८ लाख ४० हजार, परत ७५ हजार वजा, ७ लाख ६५ हजार, परत रिबेट, परत शून्य. तेही बरोबर, कारण आधीच्या सहा महिन्यांचं तिला कुणी सांगितलेलंच नाही.

गोची इथे आहे. ४ लाखांपर्यंतचा शून्य स्लॅब, ५ आणि १० टक्क्यांचे खालचे स्लॅब, स्टँडर्ड डिडक्शन, रिबेट हे सगळं माणसाला वर्षातून एकदाच मिळतं, आणि तुमच्याकडे ते दोघींनी एकेकदा देऊन टाकलंय. आयकर खातं बेरीज बघणार: ६ लाख अधिक ८ लाख ४० हजार, १४ लाख ४० हजार, वजा ७५ हजार एकदाच, १३ लाख ६५ हजार. हे १२ लाखांच्या बऱ्यापैकी वर गेलं, म्हणजे रिबेट गेली. ४ ते ८ लाखांवर ५ टक्क्यांनी २० हजार, ८ ते १२ वर १० टक्क्यांनी ४० हजार, वरच्या १ लाख ६५ हजारांवर १५ टक्क्यांनी २४,७५०. एकूण ८४,७५०, त्यावर सेस ३,३९०.

फॉर्म १२बी म्हणजे जुन्या कंपनीतला पगार आणि तिथे कापलेला टीडीएस नवीन कंपनीला कळवायचा कागद, बाकी काही नाही. तो देणं तुमच्या मर्जीवर आहे, पण एकदा दिलात की दोन्हीकडचं मिळून टॅक्स काढणं नवीन कंपनीचं काम होतं. जुन्या कंपनीचा फॉर्म १६ आत्ता मिळणार नाही, तो वर्ष संपल्यावर जूनमध्ये येतो, त्यासाठी थांबू नका. शेवटची सॅलरी स्लिप, फुल अँड फायनलचा हिशोब आणि टॅक्स कॉम्प्युटेशन शीट एवढ्यावर भरता येतो. सीटीसीचा आकडा मात्र टाकू नका, त्यात कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही असते, स्लिपवर आलेला ग्रॉस घ्या.

नोव्हेंबरच्या पेरोलआधी दिलात तर ८८,१४० भागिले ५, महिन्याला १७,६२८ कापले जातील. जानेवारीत दिलात तर उरलेल्या तीन महिन्यांत २९,३८०. टॅक्स तोच, फक्त जानेवारीपासून घरखर्चाला धक्का जास्त. आणि अजिबात दिला नाही आणि जुलैत रिटर्न भरताना जागे झालात तर पूर्ण रक्कम एकरकमी, वर व्याज. २३४बी खाली एप्रिलपासून महिन्याला १ टक्का, जुलैत भरलं तर चार महिन्यांचे साधारण साडेतीन हजार, आणि अॅडव्हान्स टॅक्सचे हप्ते चुकवल्याचे २३४सी खाली साधारण साडेचार हजार, म्हणजे मिळून आठ हजारांच्या आसपास फुकट गेले.

काही जणांना जुना पगार नवीन कंपनीला दाखवायचाच नसतो, जॉइन होताना आकडा जरा फुगवून सांगितलेला असतो वगैरे, ते ज्याचं त्याने बघावं. तसं असेल तर मग स्वतः अॅडव्हान्स टॅक्स भरा. आयकर पोर्टलवर e-Pay Tax मध्ये जाऊन १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के म्हणजे ६६,१०५ आणि १५ मार्चपर्यंत उरलेले. जून आणि सप्टेंबरचे हप्ते हुकल्याचं दीडेक हजार व्याज तरी लागेलच, पण बाकीचं वाचेल. चलन भरताना असेसमेंट इयर २०२६-२७ निवडा, २०२५-२६ निवडून बसणारे खूप लोक आहेत आणि मग ते पैसे भलत्याच वर्षात जमा होतात.

ज्यांचा जुन्या कंपनीत टीडीएस कापला जात होता त्यांच्यासाठी एक. राजीनामा दिल्यावर फुल अँड फायनलमध्ये पेरोल पुढच्या महिन्यांचा अंदाज काढून टाकतं आणि फक्त जेवढा पगार दिला त्यावर टॅक्स काढतं. मग आधी कापलेला जास्त वाटतो आणि काही वेळा थोडा परत मिळतो. लोक खुश होतात, पण पुढे नवीन पगार त्यावर चढला की तोच टॅक्स परत मागितला जातो, त्यामुळे ती रक्कम उडवू नका. १२बी मध्ये परतावा वजा करूनचा टीडीएस टाका आणि नंतर २६एएस शी, म्हणजे आयकर खात्याकडे तुमच्या नावावर असलेल्या टीडीएसच्या नोंदीशी, जुळवून बघा.

रिटर्न भरताना तुम्हाला दोन फॉर्म १६ मिळतील. १२बी दिला असेल तर नवीन कंपनीच्या फॉर्म १६ च्या पार्ट बी मध्ये, ग्रॉस सॅलरीच्या खालीच, इतर कंपनीकडून मिळालेल्या पगाराची एक ओळ असते, 1(e). तिथे ६ लाख दिसत असतील तर ते आधीच धरलेले आहेत, जुना फॉर्म १६ बघून परत बेरीज करू नका, नाहीतर ६ लाखांवर दुसऱ्यांदा टॅक्स निघेल. ती ओळ शून्य असेल तर मात्र दोन्ही पगार वेगवेगळे टाका, आणि स्टँडर्ड डिडक्शन दोन्ही फॉर्मवर छापलेलं असलं तरी ७५ हजार एकदाच घ्या.