रविवारचा वेग आणि शनिवारची चूक

“शनिवारी तीस किलोमीटर छान होतात. रविवारी मात्र पाय उचलत नाहीत, वेग पार घसरतो. माझं शरीर अल्ट्रासाठी नाहीच का?”

अल्ट्राची, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा लांब शर्यतीची, तयारी करणारे बहुतेक जण कधी ना कधी हे विचारतातच. या ताईंची शर्यत ८० किलोमीटरची होती, १२ तासांत संपवायची. शनिवारी त्या किलोमीटरला सव्वासहा मिनिटांनी धावत, रविवारी साडेसात.

“१२ तासांत ८० म्हणजे किलोमीटरला किती?” मी विचारलं.

त्यांनी हिशोब केला. “नऊ मिनिटं. चालणं, थांबणं धरून.”

“आणि रविवारी?”

“साडेसात...” मग स्वतःच म्हणाल्या, “म्हणजे बिघडलेला दिवस शनिवार आहे!”

नेमकं हेच. माणूस स्वतःला नापास करतो तेव्हा मी आधी त्याची मोजपट्टी तपासते. दुसऱ्या दिवशी पाय जड असणं ही सलग दोन दिवस लांब धावण्याच्या या सरावाची फलश्रुती आहे. स्नायूंमधला साखरेचा साठा एका रात्रीत पूर्ण भरत नाही, तंतूही दुखावलेले असतात. शर्यतीच्या उत्तरार्धातली ही अवस्था एकाच दिवशी गाठायची, तर सलग सहा-सात तास धावावं लागेल. मग थकव्याने चाल बिघडते, दुखापतीचा धोका वाढतो आणि पुढचा आठवडा हातचा जातो. मध्ये झोप आणि जेवण आलं की तेच काम कमी मोडतोडीत होतं.

आम्ही किलोमीटर सोडून तास धरले. सुरुवात शनिवारी दोन आणि रविवारी एक तासाने. मग तीन आणि दीड, शेवटी चार आणि अडीच. दोन्ही दिवस पूर्ण वाक्यं बोलता येतील इतकाच वेग, चढावर चालायचं. अशी जोडी दोन-तीन आठवड्यांतून एकदाच, सोमवारी पूर्ण विश्रांती. दर आठवड्याला जोडी लावणारे शर्यतीआधीच दमतात.

“शनिवारी धावून आल्यावर काय खाता?” त्या म्हणाल्या, “भूकच नसते. संध्याकाळी जेवते.” अर्धा रविवार तिथेच हरलेला होता! त्यांचं वजन ६० किलो. धावून आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं, घास उतरत नसेल तर पेयातून, आणि दोन तासांच्या आत जेवण. धावताना तासाला ४० ते ६० ग्रॅम, रविवारीही. थकलेलं पोट काय स्वीकारतं हे त्याच दिवशी कळतं.

रविवारच्या पहिल्या वीस मिनिटांवरून काही ठरवू नका. आखडलेपणा तेवढ्यात सैल होतो. एकाच जागी बोट ठेवता येईल अशी वेदना, धावताना वाढत जाणारं दुखणं किंवा लंगडणं असेल, तर मात्र तिथेच थांबायचं. लघवी चहासारखी गडद झाली तर थेट डॉक्टरकडे.

ताई आता रविवारची पहिली वीस मिनिटं सोडून पुढच्या अर्ध्या तासाचा आणि शेवटच्या अर्ध्या तासाचा वेग ताडून बघतात. दोन्ही जवळपास सारखे आले, तर शनिवार योग्य झाला. त्यांची शेवटची मोठी जोडी शर्यतीच्या तीन आठवडे आधी ठेवली आहे.