16 बिट करूनही कडेची काळी रेघ का राहते?

प्रश्न: आफ्टर इफेक्ट्समध्ये माणसाचे कटआउट संध्याकाळच्या आकाशावर बसवले आहे. आकाशात पट्टे दिसत होते, ते प्रोजेक्ट 16 बिट केल्यावर गेले. पण माणसाच्या कडेभोवतीची काळी रेघ तशीच आहे. असे का?

उत्तर: पट्टे आणि रेघ यांची कारणे वेगळी आहेत. आकाशातील चढ 40 ते 60 या मूल्यांदरम्यान असेल, तर 1920 पिक्सेलच्या रुंदीत 8 बिटला जेमतेम वीस पायऱ्या मिळतात आणि सुमारे 96 पिक्सेलचा एकेक पट्टा डोळ्यांना दिसतो. 16 बिटमध्ये मधल्या पायऱ्या मिळाल्या, म्हणून पट्टे गेले. रेघ मात्र बहुधा अल्फाच्या चुकीच्या वाचनामुळे येते.

समजा, केसाच्या कडेचा रंग 200 आहे आणि तिथली अपारदर्शकता निम्मी आहे. प्रीमल्टिप्लाइड फाइलमध्ये तो रंग आधीच निम्मा होऊन 100 असा साठवलेला असतो. सॉफ्टवेअरने ती फाइल स्ट्रेट समजून वाचली, तर तो पुन्हा निम्मा होऊन 50 होतो. खालची पार्श्वभूमीही 200 असेल, तर तिचे 100 मिळवून 150 येतात, जिथे 200 यायला हवे होते. हीच तुमची काळी रेघ. बिट कितीही वाढवले तरी हा दुहेरी गुणाकार टळत नाही.

खात्री करायची असेल, तर कटआउटखाली कडेच्याच रंगाचा सॉलिड ठेवून पाहा. रेघ तरीही दिसली, तर `Interpret Footage` मध्ये `Premultiplied - Matted With Color` निवडून काळा रंग द्या. ती नाहीशी झाली आणि केवळ विरोधी रंगांवरच परत आली, तर दोष गॅमाचा आहे: लाल आणि हिरवा निम्मे-निम्मे मिसळल्यावर नेहमीच्या sRGB मूल्यांत दोन्ही चॅनेल 128 वर उतरतात, तर लिनिअर प्रकाशात मिसळल्यास ते सुमारे 188 येतात. यासाठी `Project Settings` मध्ये `Blend Colors Using 1.0 Gamma` सुरू करावे. मात्र त्यामुळे आधी जुळवलेले फेड आणि ग्लो बदललेले दिसतील, म्हणून हा निर्णय मी काम सुरू करतानाच घेतो.

बिट डेप्थची खरी गरज इथे कळते. लिनिअर मूल्ये 8 बिटमध्ये साठवली, तर sRGB च्या 0 ते 17 या अठरा छटांच्या जागी फक्त 0 आणि 1 उरतात, म्हणजे गडद भागातले पट्टे आणखी वाढतात. म्हणून लिनिअर मिश्रणासाठी मी 16 बिट ही किमान मर्यादा मानतो, आणि ग्लोसारखे पांढऱ्यापेक्षा उजळ काही असेल तेव्हा 32 बिट वापरतो.

शेवटी 8 बिटमध्ये रेंडर करायचे असेल, तर त्याआधी सर्वांत वरच्या अॅडजस्टमेंट लेयरवर अगदी हलका नॉइज द्यावा. नाहीतर आकाशातले पट्टे त्या शेवटच्या टप्प्यावर परत येतात.