टर्मिनल व्हॅल्यूच ७६ टक्के, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा एनपीव्ही

प्रश्न: काकांचं तासगावजवळ बेदाण्यासाठी कोल्ड स्टोरेज करायचं चाललंय, खर्च १२ कोटी. मी पाच वर्षांचं मॉडेल केलं, डिस्काउंट रेट १२%, पुढे कायम ५% ग्रोथ. एनपीव्ही ४.८४ कोटी येतो, पण एकूण व्हॅल्यूत टर्मिनल व्हॅल्यूच ७६% आहे आणि ग्रोथ एक टक्का हलवली की आकडा कुठल्या कुठे जातो. फॉर्म्युला चुकलाय का? शीट जोडली आहे.

उत्तर:

शीट बघितली. फॉर्म्युला बरोबर आहे.

```
TV5 = FCF5*(1+g)/(r-g)
    = 150*1.05/(0.12-0.05) = 2250
PV  = 2250/1.12^5 = 1277
```

(सगळे आकडे लाखात धरतो, तुमच्या शीटसारखेच.) इथे बरेच जण सहाव्या वर्षाचा फॅक्टर लावतात, कारण वरचे १५७.५ सहाव्या वर्षाचे आहेत ना, पण या फॉर्म्युल्यातून येणारी किंमत पाचव्या वर्षाच्या शेवटी उभी असते, त्यामुळे पाच वर्षंच मागे आणायची. तुम्ही तसंच केलंय. पहिल्या पाच वर्षांचे ८०, १००, १२०, १३५, १५० आजच्या किमतीत ४०७ होतात, त्यात हे १२७७ मिळवून १६८४, वजा १२०० म्हणून ४८४. हिशोब जुळतो.

आता आकडा एवढा का हलतो ते बघू. भाजक आहे r आणि g मधलं अंतर, म्हणजे ७ टक्के. ग्रोथ ५ ची ६ केली की तुम्हाला वाटतं एकच टक्का वाढवला, पण फॉर्म्युल्याला दिसतं की भाजक ७ चा ६ झाला, सातवा हिस्साच गेला. टर्मिनल व्हॅल्यू २२५० ची २६५० होते, साधारण १८ टक्के वाढ. पण एनपीव्ही ४८४ चा ७११ होतो, म्हणजे ४७ टक्के! कारण वजा होणारे १२०० जागचे हलत नाहीत, वरचं सगळं थेट एनपीव्हीवर येऊन पडतं. उलट बाजूने ग्रोथ ४ धरली तर ३१४, आणि ४ धरून डिस्काउंट रेटही १४ केला तर उणे ४. म्हणजे दोन सेलमध्ये एकूण तीन टक्के इकडेतिकडे झाले की पावणेपाच कोटी गायब. आणि नवीन, लिस्टेड नसलेल्या, एका पिकावर आणि एका तालुक्यावर चालणाऱ्या धंद्याला १४ हा रेट काही जास्त नाही, उलट १२ कुठून आणला हे बँकवाला विचारणारच.

हे ७६ टक्के बघून काही जण सांगतील की फोरकास्ट दहा वर्षांचा करा, टक्का कमी होईल. होईल की. सहाव्या ते दहाव्या वर्षात तीच ५ टक्के वाढ ओढत न्या, टर्मिनलचा वाटा ७६ वरून ५५ वर येईल आणि एकूण व्हॅल्यू १६८४ ची १६८४ च राहील. म्हणजे झालं काय, तर तोच अंदाज एका खोक्यातून काढून दुसऱ्या खोक्यात ठेवला. दहा वर्षं तेव्हाच करायची जेव्हा त्या मधल्या वर्षांबद्दल तुम्हाला खरंच काही वेगळं माहितीय, उदाहरणार्थ सातव्या वर्षी दुसरं चेंबर बांधायचं ठरलंय.

टक्क्यापेक्षा मला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. १२ आणि ५ धरले की प्रत्येक पुढच्या वर्षाचा पैसा आजच्या किमतीत आदल्या वर्षाच्या १.०५/१.१२ पट, म्हणजे ०.९३७५ पट असतो. दहा वर्षांनी ते ०.५२ होतं. म्हणजे तुमच्या १२७७ पैकी साधारण ६७० लाख हे पंधराव्या वर्षानंतरचे आहेत. आणि तुमचा अख्खा एनपीव्ही ४८४! म्हणजे पहिल्या पंधरा वर्षांत हा प्रकल्प आपले १२ कोटी (१२ टक्क्यांच्या हिशोबाने) पूर्ण फेडतच नाही, जो काही फायदा दिसतोय तो सगळा त्यानंतरचा. पंधराव्या वर्षी तो कॉम्प्रेसर कुठल्या अवस्थेत असेल, भिंतींच्या पफ पॅनलमध्ये पाणी शिरलं असेल का, हे शीटमध्ये कुठेच नाही.

इथेच खरी गडबड आहे, ग्रोथमध्ये नाही. तुमच्या पाचव्या वर्षाच्या ओळी बघा: टॅक्स कापून ऑपरेटिंग नफा १२०, अधिक घसारा ६०, वजा कॅपेक्स २०, वजा वर्किंग कॅपिटल १०, म्हणून १५०. प्लांट नवा आहे म्हणून सुरुवातीला देखभालीचे २० लाख पुरतील, त्याला माझी हरकत नाही. पण तो १५० चा आकडा तुम्ही अनंतापर्यंत ओढला, म्हणजे दरवर्षी ६० लाखांची मालमत्ता झिजणार, २० लाखांची परत येणार आणि तरी नफा दरसाल ५ टक्क्यांनी वाढत राहणार. शेतात खत न घालता दरवर्षी जास्त पीक काढण्यातला प्रकार आहे हा. कुठल्याही मॉडेलमध्ये शेवटच्या वर्षी घसारा कॅपेक्सपेक्षा बराच मोठा दिसला की तिथेच थांबायचं, हे मी आता डोळे मिटून करतो.

आणि तुमच्या शीटमध्ये अजून एक ओळ आहे, पाचव्या वर्षी चेंबर ९२ टक्के भरलेली. मग पुढची वाढ येणार कुठून? एक तर भाडं वाढून, म्हणजे महागाईइतकी (रिझर्व्ह बँकेचं टार्गेट ४ टक्के आहे), आणि भाडं वाढतं तेव्हा नवा कॉम्प्रेसरही महागच मिळतो, घसारा मात्र जुन्या किमतीवर बसलेला असतो, त्यामुळे त्या बदलीचा खर्च घसाऱ्यापेक्षा जास्तच येणार. नाहीतर नवीन चेंबर बांधून, म्हणजे सरळ सरळ नवा पैसा घालून. फुकटची ग्रोथ दोन्हीकडे नाही.

म्हणून शेवटच्या वर्षाचा फ्री कॅश फ्लो पुढे ढकलण्याऐवजी नफ्यापासून सुरुवात करा आणि वाढीसाठी किती पैसा परत घालावा लागेल तो कापा:

```
TV5 = NOPAT6*(1-g/ROIC)/(r-g)
```

इथे NOPAT6 म्हणजे सहाव्या वर्षाचा टॅक्स कापून ऑपरेटिंग नफा, आणि ROIC म्हणजे नव्याने घातलेल्या पैशावर मिळणारा परतावा. हा परतावा १५ टक्के धरू (उदारपणे धरतोय, तुमचा आताचा प्लांट १२०० घालून पाचव्या वर्षी १२० कमावतोय, हे पण एकदा शांतपणे बघा). ५ टक्के वाढ हवी, परतावा १५, म्हणजे नफ्याचा एक तृतीयांश परत धंद्यात. सहाव्या वर्षाचा नफा १२६, त्यातले ४२ परत गेले, हातात ८४. भागिले ७ टक्के, १२००. आजच्या किमतीत ६८१. त्यात ४०७ मिळवले की १०८८, वजा १२००, एनपीव्ही उणे ११२.

ग्रोथ तीच, रेट तोच. ४८४ चा उणे ११२ झाला फक्त एवढ्यानेच की वाढीची किंमत मोजली.

गंमत म्हणजे ज्या हलण्याबद्दल तुम्ही विचारलंत ते पण याने बरंच शांत होतं. तुमच्या पद्धतीने ग्रोथ २ धरली तर टर्मिनल व्हॅल्यू १५३०, ५ धरली तर २२५०, म्हणजे ४७ टक्के फरक. या पद्धतीने २ ला १०६१ आणि ५ ला १२००, फरक १३ टक्के. वाढ कमी धरली की परत घालायचा पैसाही कमी होतो ना. आणि नव्या पैशावरचा परतावा बरोबर डिस्काउंट रेटएवढाच, १२ असेल, तर ग्रोथ फॉर्म्युल्यातून निघूनच जाते, पुढच्या वर्षीचा नफा भागिले १२ टक्के एवढंच उरतं. वाढा नाहीतर वाढू नका, किंमत तीच. तेव्हा ग्रोथ ४ की ५ यावर भांडण्यापेक्षा नव्या चेंबरवर किती सुटतं यावर काकांशी बोला, त्याचं उत्तर त्यांना जास्त ठाऊक असेल.

ग्रोथला वरून झाकण हवंच ते वेगळं. भारताचा जीडीपी महागाई धरून १० टक्क्यांच्या आसपास वाढतो म्हणून g मध्ये ८-९ घालणारे भेटतात, पण इथे प्रश्न पुढच्या दहा वर्षांचा नाहीये, कायमचा आहे. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा व्याजदर गेली काही वर्षं साधारण ६ ते साडेसातच्या मधे फिरतोय, त्याच्या वर कायमची ग्रोथ मी तरी कधी धरत नाही. नवा असताना मी स्वतः हा शहाणपणा केलाय, एका दूध प्रकल्पाच्या मॉडेलमध्ये g चा सेल विक्रीच्या ग्रोथला लिंक राहिला होता, ९ टक्के, आणि रेट साडेअकरा. भाजक अडीच टक्के! आकडा बघून मी खूश, आणि सिनियरने शीट न उघडताच विचारलं, पाचव्या वर्षी एवढ्याला कोण घेणार आहे हे तुझ्याकडून?

तो प्रश्न तुमच्या शीटलाही विचारून बघा. तुमचा घसारा, व्याज, टॅक्सच्या आधीचा नफा पाचव्या वर्षी २२० आहे (ऑपरेटिंग नफा १६०, अधिक घसारा ६०). टर्मिनल व्हॅल्यू २२५० म्हणजे त्याच्या दहा पट. पाच वर्षं वापरलेल्या, जवळपास भरलेल्या एका कोल्ड स्टोरेजला तालुक्यात दहा पट देणारा गिऱ्हाईक मला तरी दिसत नाही. १२०० म्हणजे साडेपाच पट, ते निदान बोलता येण्यासारखं आहे.

बँकेत जाताना एनपीव्हीचा एक आकडा घेऊन जाऊ नका, उलटा हिशोब घेऊन जा. एनपीव्ही शून्य यायला टर्मिनल व्हॅल्यू आज ७९३ लागते, पाचव्या वर्षी १३९७, म्हणजे १२ आणि ५ धरून सहाव्या वर्षी सगळी दुरुस्ती-बदली आणि नवा खर्च करून साधारण ९८ लाख हातात उरायला हवेत आणि तिथून ते कायम ५ टक्क्यांनी वाढायला हवेत. तुमच्या शीटने १५७.५ धरले होते, माझ्या हिशोबाने ८४ येतात. मधले १४ लाख कुठून निघतात का ते बघा, भाड्यातून, वीजबिलातून, सोलरमधून, किंवा बांधकामाचे १२ कोटीच खाली आणून. आणि तो कॅपेक्सचा २० चा आकडा सप्लायरच्या कोटेशनमधून घेतलाय की अंदाजे टाकलाय, तेवढं सांगा.