नवीन भागीदाराच्या प्रवेशात पुनर्मूल्यांकनाचा नफा आणि ख्याती यांच्या वाटपाची प्रमाणे वेगळी का?

प्रश्न: पुनर्मूल्यांकनाचा नफा जुन्या प्रमाणात आणि ख्याती त्याग प्रमाणात वाटायची, हे मी पाठ केले आहे, पण त्यामागचे कारण कळत नाही. शिवाय ख्यातीची रक्कम दिलेलीच नसेल, तर ती भांडवलावरून कशी काढायची?

उत्तर:

दोन्ही शंका एकाच उदाहरणातून सुटतात, म्हणून आधी उदाहरण घेतो. अ आणि ब हे ३:२ या प्रमाणात नफा वाटून घेणारे भागीदार आहेत. अ चे भांडवल ३,००,०००, ब चे २,००,०००, सर्वसाधारण राखीव निधी ५०,००० आणि धनको १,००,००० असा ताळेबंदाचा देयता पक्ष आहे. संपत्ती पक्षात इमारत २,५०,०००, यंत्रसामग्री १,५०,०००, मालसाठा १,००,०००, ऋणको १,००,००० आणि बँकेतील शिल्लक ५०,००० आहे. क ला १/५ हिस्सा देऊन भागीदार करून घ्यायचे आहे. तो भांडवल म्हणून १,८०,००० आणणार आहे, मात्र ख्यातीसाठी वेगळी रक्कम आणणार नाही. नवे प्रमाण ५:३:२ ठरले आहे.

पुनर्मूल्यांकनात इमारतीची किंमत ६०,००० ने वाढली, यंत्रसामग्रीची १५,००० ने घटली, ऋणकोंवर ५ टक्के म्हणजे ५,००० ची संशयित कर्जाची तरतूद करावी लागली आणि पुस्तकात न नोंदवलेले १०,००० चे अदत्त वीजबिल सापडले. ही शेवटची बाब ताळेबंदात दिसत नसल्यामुळे सर्वांत जास्त वेळा निसटते. पुनर्मूल्यांकन खात्यावर जमेला ६०,००० आणि नावे बाजूला ३०,००० येतात, म्हणून निव्वळ नफा ३०,००० होतो.

हा नफा नोंदवण्याची वेळ क च्या प्रवेशामुळे आली असली, तरी तो झाला आहे क येण्यापूर्वीच्या काळात, जेव्हा व्यवसायातील नफा अ आणि ब यांच्यात ३:२ या प्रमाणात वाटला जात होता. म्हणून अ ला १८,००० आणि ब ला १२,००० मिळतात. राखीव निधी म्हणजे याच काळातला न वाटलेला नफा, त्यामुळे तोही त्याच प्रमाणात ३०,००० आणि २०,००० असा वाटला जातो. आता अ चे भांडवल ३,४८,००० आणि ब चे २,३२,००० झाले, म्हणजे दोघांचे मिळून ५,८०,०००. पुढचे सगळे गणित या आकड्यावर उभे आहे.

ख्यातीचे स्वरूप वेगळे आहे. क जी किंमत देतो ती भविष्यातल्या नफ्यातील हिश्श्याची असते आणि हा हिस्सा कोणीतरी स्वतःच्या वाट्यातून काढून दिलेला असतो. ज्याने जितका हिस्सा सोडला, त्याला तितकी भरपाई मिळायला हवी. अ चा हिस्सा ६/१० वरून ५/१० झाला आणि ब चा ४/१० वरून ३/१०, म्हणजे दोघांनीही प्रत्येकी १/१० चा त्याग केला. त्याग प्रमाण १:१ आले. जुने प्रमाण ३:२ असूनही त्याग समसमान असू शकतो, आणि दोन प्रमाणांतला फरक कळण्यासाठी असेच उदाहरण उपयोगी पडते. अनेक सरावगणितांत क चा हिस्सा जुन्या भागीदारांकडून जुन्याच प्रमाणात घेतलेला असल्यामुळे दोन्ही प्रमाणे एकच येतात आणि चुकीच्या प्रमाणानेही उत्तर बरोबर येते.

आता ख्यातीची रक्कम. क ने १/५ हिश्श्यासाठी १,८०,००० आणले, तर त्या हिशोबाने संपूर्ण संस्थेचे भांडवल त्याच्या पाचपट, म्हणजे ९,००,००० असायला हवे. प्रत्यक्षात जुन्या भागीदारांचे समायोजित भांडवल ५,८०,००० आणि क चे १,८०,००० मिळून ७,६०,००० भरतात. उरलेले १,४०,००० म्हणजे लपलेली ख्याती. त्यात क चा १/५ वाटा २८,०००. स्वनिर्मित ख्याती संपत्ती म्हणून ताळेबंदात दाखवायची नसते, म्हणून क चे भांडवल खाते २८,००० ने नावे आणि अ व ब यांची भांडवल खाती प्रत्येकी १४,००० ने जमा करायची. (जुन्या ताळेबंदात आधीपासून ख्याती असती, तर ती प्रथम जुन्या प्रमाणात अपलिखित केली असती.)

वाटप बरोबर आहे का, हे पडताळायचे असेल तर असे करून पाहा. १,४०,००० ही रक्कम जुन्या प्रमाणात जमा केली, तर अ ला ८४,००० आणि ब ला ५६,००० मिळतात. तीच रक्कम लगेच नव्या प्रमाणात अपलिखित केली, तर अ चे ७०,०००, ब चे ४२,००० आणि क चे २८,००० जातात. शेवटी अ आणि ब यांच्याकडे प्रत्येकी १४,००० राहतात आणि क चे २८,००० कमी होतात. त्याग प्रमाण हा या दोन पायऱ्यांचा थेट रस्ता आहे. तुम्ही २८,००० जुन्या प्रमाणात वाटले असते, तर अ ला १६,८०० आणि ब ला ११,२०० मिळून ब चे विनाकारण २,८०० नुकसान झाले असते.

या पद्धतीत मला सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे मूळ ताळेबंदातले ५,००,००० भांडवलच गणितात घेणे. तसे केल्यास लपलेली ख्याती २,२०,००० येते आणि क चा वाटा ४४,००० होतो. वाढलेले ८०,००० म्हणजे राखीव निधी आणि पुनर्मूल्यांकनाचा नफाच. ते जुन्या भागीदारांच्या भांडवलात जमा होणारच असतात, आणि तेच पुन्हा ख्याती समजून क कडून १६,००० जादा घेतले जातात.

ही चूक पकडणे सोपे आहे. ख्यातीचे समायोजन भांडवल खात्यातूनच केले असेल, तर शेवटी क चे भांडवल एकूण भांडवलाच्या बरोबर १/५ उरले पाहिजे. येथे अ चे ३,६२,०००, ब चे २,४६,००० आणि क चे १,५२,००० मिळून ७,६०,००० होतात, आणि त्याचा पाचवा भाग १,५२,००० हाच आहे. चुकीच्या रीतीने क चे १,३६,००० उरले असते आणि मेळ बसला नसता. ताळेबंद मात्र दोन्ही वेळा ८,७०,००० वर जुळतो, म्हणून केवळ तो जुळला यावर विसंबू नका.

दोन मर्यादा सांगायला हव्यात. नवे प्रमाण १३:३:४ असे ठरले असते, तर अ चा हिस्सा कमी न होता १/२० ने वाढला असता. मग त्याग फक्त ब चा ५/२० असतो आणि त्याला ३५,००० मिळतात, त्यांपैकी २८,००० क कडून आणि ७,००० अ कडून. दुसरे म्हणजे, लपलेली ख्याती हा केवळ अनुमानाचा आकडा आहे. करारात ख्यातीची रक्कम किंवा ती काढण्याची पद्धत दिली असेल, तर तीच वापरावी. कारण संस्थेला रोखीची गरज आहे म्हणून क ने हिश्श्यापेक्षा जास्त भांडवल आणले असेल, तर त्या जादा रकमेला ख्याती म्हणण्यास काहीच आधार नसतो.