‘बाय द टाइम’ दिसलं की ‘विल हॅव’ लिहायचं का?

प्रश्न: गाळलेल्या जागा भरताना ‘बाय द टाइम’ आणि ‘धिस टाइम टुमॉरो’ आलं की गोंधळ होतो. कुठे ‘विल हॅव’ आणि कुठे ‘विल बी’? कोणत्या शब्दाला कोणता काळ ते पाठ केलंय, तरी निम्मे चुकतात.

उत्तर:

मी चोपडा तालुक्यात इंग्रजीचा क्लास घेतो आणि दर वर्षी याच जागेवर पोरं अडकतात. माझ्या मते दोष त्यांच्या इंग्रजीचा कमी आणि आपल्या ‘पर्यंत’चा जास्त आहे.

ही दोन वाक्यं बघा. ‘सहापर्यंत आम्ही बाग कापत असू.’ ‘सहापर्यंत बाग कापून झालेली असेल.’ मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’च आहे. इंग्रजीत मात्र पहिल्याला ‘अन्टिल सिक्स’ आणि दुसऱ्याला ‘बाय सिक्स’ लागतं. पहिल्यात काम सहा वाजेस्तोवर चालूच आहे, दुसऱ्यात सहाच्या आधी कधीतरी संपलंय. म्हणून ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून बघायचं. ‘सहाच्या आत बाग कापून झालेली असेल’ हे चालतं. ‘सहाच्या आत आम्ही बाग कापत असू’ हे कानाला लगेच खटकतं. चालतं तिथे ‘बाय’ आणि बहुतेक वेळा ‘विल हॅव’.

‘धिस टाइम टुमॉरो’चं वेगळं आहे. उद्या बरोबर याच वेळेला कुणी फोन करून विचारलं, ‘काय करी ऱ्हायना?’ तर जे उत्तर द्याल ते इथे लिहायचं. आपल्या अहिराणीतलं ते ‘करी ऱ्हायना’ म्हणजेच इंग्रजीतलं ‘डुइंग’. आता वर्गात दिलेला एक उतारा घ्या:

‘धिस टाइम टुमॉरो, द मेन ___ (लोड) द ट्रक. बाय धिस टाइम टुमॉरो, दे ___ (लोड) फोर हंड्रेड बंचेस.’

क्रियापद तेच, ‘धिस टाइम टुमॉरो’ही तेच, फरक पुढच्या एका ‘बाय’चा. पहिल्या जागी ‘विल बी लोडिंग’, कारण त्या वेळेला मजूर घड उचलताहेत. दुसऱ्या जागी ‘विल हॅव लोडेड’, कारण त्या वेळेच्या आत 400 घड चढलेले असतील. किती झालं याचा आकडा दिसला की ‘विल हॅव’कडे कल ठेवा. आकडा झालेलं काम मोजतो. ज्यांनी ‘धिस टाइम टुमॉरो’ पाहूनच पेन चालवलं, त्यांची दुसरी जागा गेली.

‘बाय द टाइम’मध्ये आणखी एक खड्डा आहे. ‘आम्ही भुसावळला पोहोचू तोपर्यंत गाडी गेलेली असेल’ असं आपण म्हणतो, त्यामुळे ‘बाय द टाइम वुई विल रीच’ लिहिलं जातं. ‘बाय द टाइम’ला चिकटलेल्या अर्ध्या वाक्यात ‘विल’ येत नाही. बरोबर वाक्य असं: ‘बाय द टाइम वुई रीच भुसावळ, द ट्रेन विल हॅव लेफ्ट.’

आता तुमच्या मूळ शंकेकडे, म्हणजे पाठ करूनही का चुकतं. हे वाक्य भरा: ‘बाय द टाइम यू वेक अप, आय ___ (सिट) इन द ट्रेन.’ पाठांतर म्हणेल ‘विल हॅव सॅट’. मराठीही फसवते, कारण आपण ‘तू उठायच्या आत मी गाडीत बसलेला असेन’ असं म्हणतो आणि ‘बसलेला’ म्हणजे झालेली क्रिया वाटते. पण तुम्हाला सांगायचंय की त्या वेळेला मी बसलेल्या अवस्थेत असेन. इंग्रजीत त्याला ‘विल बी सिटिंग’ म्हणतात. बसलेला, झोपलेला, अंगात शर्ट घातलेला या अवस्था आपण ‘लेला’ने सांगतो आणि इंग्रजी ‘इंग’ने. ‘च्या आत’ची युक्ती इथेच तोंडघशी पडते, कारण ‘त्याच्या आत बसलेला असेन’ मराठीत बिनदिक्कत चालतं. म्हणून अशा क्रियापदाला वेगळा प्रश्न विचारा: ते एकदा घडून संपलं का, की त्या वेळेलाही तसंच चालू आहे? गाडी सुटणं संपतं. गाडीत बसणं उतरेपर्यंत चालू राहतं.

‘नो’सारख्या क्रियापदांना मात्र ‘इंग’ लागतच नाही. ‘धिस टाइम टुमॉरो वुई ___ (नो) द रिझल्ट’ इथे साधं ‘विल नो’. परीक्षेत हे क्वचित येतं, पण आलं की वर्गातले हुशारच आधी ‘विल बी नोइंग’ लिहून मोकळे होतात.