अर्धशिशी आणि उदासी: दोन्ही डॉक्टरांना दोन्ही आजार सांगा

तुम्ही लिहिले आहे की, तुम्हाला अर्धशिशी आणि उदासी दोन्ही आहेत, त्यांसाठी न्यूरॉलॉजिस्ट आणि मनोविकारतज्ज्ञ असे दोन डॉक्टर आहेत, आणि ठाण्याहून सकाळची लोकल पकडण्याआधीच, डोके दुखत नसतानाही, "गाडीत दुखू लागले तर" या धास्तीने तुम्ही गोळी घेता. गुंता नेमका इथेच वाढतो. धास्तीने झोप मोडते, मोडलेली झोप अर्धशिशीला आमंत्रण देते, आणि अंधाऱ्या खोलीत पडून काढलेल्या दिवसांनी मन आणखी खचते. त्यातच साधी वेदनाशामके महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, अथवा अर्धशिशीचा झटका थांबवणारी ट्रिप्टान गटातली औषधे 10 किंवा अधिक दिवस, असे काही महिने चालले, तर गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. म्हणून दुखणे, गोळी, झोप आणि मनःस्थिती यांची रोज एका ओळीत नोंद ठेवा.

न्यूरॉलॉजिस्टना उदासीबद्दल आवर्जून सांगा, कारण आपल्याकडे अर्धशिशी टाळण्यासाठी सर्रास दिली जाणारी फ्लुनारिझिन ही गोळी नैराश्य वाढवू शकते. अमिट्रिप्टिलिन या मुळात नैराश्यावरच्या औषधाच्या 10 ते 25 मिलिग्रॅमने अर्धशिशी आटोक्यात येऊ शकते, मात्र एवढ्या मात्रेने नैराश्य सहसा हटत नाही. "नैराश्याचे औषध चालूच आहे" हा समज त्यामुळे फसवा ठरतो. व्हेन्लाफॅक्सिन हे नैराश्यावरचे औषध दोन्हींवर उपयोगी पडू शकते, पण ते अचानक बंद करू नये. गोळीआधीच्या धास्तीसाठी मात्र सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तनावर काम करणारे समुपदेशन, मला अधिक मोलाचे वाटते. अर्धशिशीचे झटके टाळणाऱ्या रोजच्या औषधाचा परिणाम दिसायला सहसा दोनेक महिने लागतात. मात्र जगणे नकोसे वाटू लागले, तर तेवढे थांबू नका, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना गाठा किंवा 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा.