ट्रॅकिओस्टॉमीनंतर कफ का सुकतो, आवाज का जातो?

पुण्यात बाबांची ट्रॅकिओस्टॉमी झालीये, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवलीये. श्वास सोपा झाला म्हणतात, मग कफ का सुकतो, आवाज का गेला?

हवा आता नाक-घसा टाळून थेट श्वासनलिकेत जाते. पूर्वी प्रत्येक श्वासातली साधारण 150 मिली हवा वाटेतच वाया जायची. आता त्याच्या निम्मीच वाया जाते, म्हणून दम कमी लागतो. पण हवा ऊबदार, ओली करणारं नाकही सुटलं. पुण्यातल्या एप्रिलच्या कोरड्या दुपारी कफ डिंकासारखा चिकटतो, म्हणून बाहेर पडणाऱ्या श्वासातली ऊब आणि ओल धरून ठेवणारा एचएमई फिल्टर नळीवर लावतात. शिट्टीसारखा आवाज आला किंवा कफ ओढून काढणारी सक्शनची नळी आत जाताना अडली, तर आतली नळी लगेच काढून बदला. तरीही दम लागला तर 108 ला फोन.

आवाजाचं म्हणाल तर हवा स्वरतंतूंच्या खालूनच बाहेर पडते. स्पीकिंग व्हॉल्व्हने, म्हणजे हवा फक्त आत घेऊ देणाऱ्या झडपेने, बोलता येतं, पण श्वासनलिकेतल्या नळीभोवतीचा फुगा पूर्ण रिकामा केल्याशिवाय तो व्हॉल्व्ह कधीच लावू नका. श्वास आत जाईल, बाहेर पडणार नाही.